भोकाची साक्ष : मुंजीचे एक रीळ दुरुस्त करताना

माझे काका १९७० च्या दशकात न्यू जर्सीत नोकरीला होते आणि सुट्टीत पुण्याला येताना सुपर ८ कॅमेरा बरोबर आणत. त्यांच्या पश्चात काकूंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलेली अकरा रिळे माझ्याकडे पाठवली. त्यांपैकी दहांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. अकराव्या रिळावर मात्र माझे जवळजवळ चार महिने गेले. त्या रिळावर डिसेंबर १९७७ मध्ये सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात झालेली थोरल्या भावाची मुंज आहे. ते पन्नास फुटांचे, म्हणजे सुमारे ३६०० चौकटींचे असून सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने तीन मिनिटे वीस सेकंद चालते. घरातल्या कमी उजेडासाठी काकांनी त्यात एक्टाक्रोम १६० ही फिल्म वापरली होती. बाहेरच्या उन्हात ते कोडाक्रोम ४० वापरत. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पहिले स्कॅनिंग मी एका दुकानाकडून करून घेतले होते. हाती आलेल्या फाइलमध्ये चित्र कडेपर्यंत नीटनेटके कापलेले होते, सेकंदाला ३० चौकटी होत्या आणि त्यांतल्या कित्येक चौकटी दोनदा घातलेल्या होत्या. चित्र पाहण्याजोगे होते, पण ते लुकलुकत होते, वरखाली थरथरत होते आणि सगळे तांबूस-गुलाबी दिसत होते. या फाइलवरच काम सुरू करण्याची चूक मी केली. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये चित्र स्थिर करणारे जे तयार साधन असते ते लावल्यावर चित्राची थरथर थोडी कमी झाली, पण भिंती आणि दाराच्या चौकटी लापशीसारख्या हलू लागल्या. लुकलुक घालवणारे साधन लावल्यावर, सोवळे नेसलेले गुरुजी कॅमेऱ्याजवळून गेले की मागची संपूर्ण खोली काळवंडू लागली. दोन आठवड्यांनंतर मला उमगले की फाइलमधला कोणता दोष फिल्ममधला आहे आणि कोणता स्कॅनिंगमधला, हे मला सांगताच येत नव्हते. ते सांगू शकणारा पुरावा दुकानदाराने कापून टाकला होता.

हा पुरावा म्हणजे फिल्मची कड. सुपर ८ फिल्मच्या एका बाजूला, प्रत्येक चौकटीच्या मध्याशी, एक भोक असते. ते १.१४३ मिलिमीटर उंच आणि ०.९१४ मिलिमीटर रुंद असते आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ४.२३४ मिलिमीटर असते. भोकांच्या मधली कडेची पट्टी कॅमेऱ्यात प्रकाश न लागल्यामुळे काळी राहते. मी रीळ पुन्हा स्कॅन करून घेतले तेव्हा चारच अटी घातल्या. प्रत्येक चौकटीचे एकच स्वतंत्र चित्र हवे. ते सोळा बिटांचे आणि लिनियर, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणातले हवे. संपूर्ण भोक आणि वरखालच्या चौकटींचा थोडा भाग चित्रात यायला हवा. आणि भोकातून येणारा उजेड पांढऱ्याच्या कमाल पातळीला टेकता कामा नये. शेवटची अट ऐकून यंत्र चालवणारे गृहस्थ बुचकळ्यात पडले, कारण भोकाच्या उजेडाशी कुणाला काही देणेघेणे नसते आणि ते जळून पांढरेफट झाले तरी चालते, असाच प्रघात आहे. पण जळालेल्या भोकावरून काही मोजता येत नाही. नव्या स्कॅनची एकेक चौकट सुमारे २०८० गुणिले १५०० पिक्सेलची होती आणि सगळ्या रिळाने मिळून ६७ जीबी जागा व्यापली.

सुरुवात लुकलुकीच्या निदानापासून केली. भोकात फिल्म नसते, फक्त स्कॅनरच्या दिव्याचा उजेड असतो. तेव्हा चौकटीगणिक भोकाचा उजेड बदलत असेल तर दोष स्कॅनरचा, आणि भोक स्थिर असून चित्र लुकलुकत असेल तर दोष फिल्मवरच उमटलेला. मी भोकाच्या मध्यभागाची सरासरी ३६०० वेळा मोजून तिचा आलेख काढला. पहिल्या दोनशेएक चौकटींत तो हळूहळू तीन टक्क्यांनी चढत गेला होता, बहुधा दिवा तापेपर्यंत, आणि नंतर जवळजवळ सपाट होता. चित्रातली लुकलुक मात्र सर्वत्र होती आणि ती दहा टक्क्यांच्या घरात होती.

सुरुवातीचा चढ घालवणे अगदी सोपे होते आणि ती दुरुस्ती अचूकही होती. लिनियर चित्रात दिवा तीन टक्के मंद असेल तर प्रत्येक पिक्सेल तीन टक्केच मंद असतो, म्हणून प्रत्येक चौकटीला तिच्याच भोकाच्या उजेडाने भागले की काम संपते. दुकानातून आलेल्या पहिल्या फाइलवर हे करणे शक्यच नव्हते. प्रोजेक्टरवर चालणाऱ्या फिल्मचे व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण केले असावे असे तिच्यावरून दिसते. तसे असेल तर प्रोजेक्टरमध्ये फिरत राहून उजेड अडवणाऱ्या पाकळीची आणि कॅमेऱ्याची लय न जुळल्याने होणारी वेगळीच लुकलुक त्यात मिसळलेली असते आणि दोन्ही एकमेकींत गुंततात.

फिल्मवर उमटलेल्या लुकलुकीची नक्षी पाहणे मात्र मनोरंजक होते. खोलीच्या भिंतीचा एक रिकामा तुकडा घेऊन त्याचा उजेड चौकटीगणिक मांडला, तेव्हा लगतच्या दोन चौकटींपैकी एक उजळ आणि एक मंद अशी दातेरी रेघ उमटली. हे दाते हळूहळू आखडत आणि पुन्हा वाढत होते आणि नऊ चौकटींनी सगळी नक्षी पुन्हा पहिल्यासारखी होत होती. कारण ट्यूबलाइटमध्ये आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० असल्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. कॅमेरा १८ चौकटी घेतो. एका चौकटीपासून दुसरीपर्यंत ट्यूबच्या साडेपाचहून किंचित जास्त, नेमके सांगायचे तर ५०/९, लाटा होऊन जातात. म्हणजे प्रत्येक चौकट लाटेच्या जवळजवळ विरुद्ध टप्प्यावर सापडते आणि हिशोब पूर्ण जुळायला नऊ चौकटी लागतात. अशा कॅमेऱ्यांत पाकळी साधारण १५० अंश उघडी असते, म्हणजे एका चौकटीला सेकंदाचा सुमारे १/४३ भाग प्रकाश मिळतो. तेवढ्यात ट्यूबच्या दोन पूर्ण लाटा आणि तिसरीचा एक तुकडा येतो. तो तुकडा लाटेच्या माथ्याचा की तळाचा, यावर चौकटीचा उजेड ठरतो. काकांच्या न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघराच्या रिळात हीच नक्षी तीन चौकटींची निघाली, कारण तिकडे विजेची वारंवारता ६० असल्याने १२० ला १८ ने भागून तिसऱ्या चौकटीलाच हिशोब जुळतो. मुंजीच्या रिळातही काही ठिकाणी कॅमेऱ्याचा वेग जरा घटून १७.६५ च्या आसपास आला की नक्षी तीन चौकटींची होते, हे नंतर लक्षात आले. सुदैवाने नवाला तिनाने भाग जातो.

त्यामुळे सरासरीची खिडकी नऊ चौकटींचीच घ्यायची, हे ठरले. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये यासाठी तयार गाळणी आहे आणि तिची मूळ खिडकी पाच चौकटींची असते. पाच चौकटींच्या सरासरीत ही नक्षी पूर्ण विरत नाही, म्हणून मी आधी ती नवाची करून पाहिली:

```
ffmpeg -i munj_%05d.tif -vf "deflicker=size=9:mode=am" out_%05d.tif
```

निकाल पूर्वीपेक्षा खूपच बरा होता, पण दोन अडचणी राहिल्या. पहिली अशी की, एक दृश्य संपून दुसरे सुरू होते तिथे ही गाळणी दोन्ही दृश्यांच्या उजेडाची सरासरी काढते आणि जोडापाशी चार-पाच चौकटी विनाकारण उजळतात किंवा मंदावतात. त्यावर उपाय म्हणून मी रिळाची सव्वीस दृश्ये हाताने वेगळी केली. दुसरी अडचण गुरुजींच्या सोवळ्याची. गाळणी संपूर्ण चौकटीची सरासरी पाहते, त्यामुळे पांढरे वस्त्र समोर आले की खोलीचा उजेड वाढला, असे ती समजते. त्यासाठी उजेड मोजायचा तो फक्त न हलणाऱ्या भिंतीच्या तुकड्यावर, असे करावे लागले. आणि भिंत प्रत्येक चौकटीत एकाच जागी असल्याशिवाय तसे मोजता येत नाही. म्हणून लुकलुक अर्ध्यावर सोडून मी आधी चौकटी स्थिर करण्याकडे वळलो.

चौकटींची थरथर तीन ठिकाणांहून येते आणि प्रत्येकीचा साक्षीदार वेगळा असतो. स्कॅनरमध्ये फिल्म दर वेळी थोडी मागेपुढे थांबते. ती थरथर भोकाच्या जागेवरून मोजता येते. कॅमेऱ्यातही चित्रण होत असताना फिल्म दर वेळी अगदी एकाच जागी थांबली नव्हती. त्यामुळे भोक आणि चित्राची चौकट यांच्यातले अंतर बदलते आणि ते चित्राच्या वरच्या कडेवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीच्या उमटलेल्या सीमारेषेवरून कळते. तिसरा काकांचा हात. तयार साधन या तिन्हींना एकाच हिशोबात धरते. माझ्या पहिल्या प्रयत्नातली लापशी त्यातूनच आली होती.

भोकाची जागा शोधण्यासाठी लिहिलेला पायथॉनचा तुकडा लहानच आहे. कडेच्या उभ्या पट्टीचा उजेड ओळीगणिक काढायचा, काळे आणि उजळ यांच्या बरोबर मधली पातळी घ्यायची आणि वरची व खालची कड ती पातळी नेमकी कुठे ओलांडते हे पिक्सेलच्या अपूर्णांकापर्यंत काढून दोहोंचा मध्य धरायचा:

```python
import cv2, numpy as np

def bhok_y(path):
    g = cv2.imread(path, cv2.IMREAD_GRAYSCALE)
    p = g[:, 60:140].mean(axis=1)
    p = cv2.GaussianBlur(p.reshape(-1, 1), (1, 9), 0).ravel()
    t = (p.max() + p.min()) / 2
    i = np.where(p > t)[0]
    a, b = i[0], i[-1]
    top = a - (p[a] - t) / (p[a] - p[a - 1])
    bot = b + (p[b] - t) / (p[b] - p[b + 1])
    return (top + bot) / 2
```

या पद्धतीचा फायदा असा की चित्र कितीही लुकलुकले तरी मध्यपातळी त्याच भोकावरून ठरत असल्याने उत्तर हलत नाही. माझ्या स्कॅनमध्ये एका मिलिमीटरला सुमारे २६० पिक्सेल येत होते, त्यामुळे भोकाची उंची २९७ च्या आसपास असायला हवी होती. जिथे ती तीनपेक्षा जास्त पिक्सेलने चुकली, त्या ११९ चौकटी मी वेगळ्या काढून डोळ्यांनी पाहिल्या. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टरच्या नखाने भोकाची वरची कड ओरबाडली गेली होती. तिथे फक्त खालची कड धरून अर्धी उंची वजा केली. एका जोडावर चिकटपट्टी भोकावर आली होती आणि काही चौकटींत कडेला धुळीचे कुसळ होते. अशा चौकटी मागच्या-पुढच्या चित्रांशी ताडून हाताने बसवल्या.

भोकावरून हिशोब केल्यावर सहा-सहा पिक्सेलची वरखाली उडी नाहीशी झाली आणि दोन-तीन पिक्सेलची उरली. ती खरोखर कॅमेऱ्यातली आहे का, हे तपासण्याची एक साधी युक्ती आहे. भोकावर जुळवलेल्या पन्नास चौकटींची सरासरी काढली की एकच चित्र मिळते. त्यात भोकाची कड धारदार आणि चित्राची वरची सीमारेषा पुसट दिसली, तर उरलेली थरथर कॅमेऱ्याची. माझ्या सरासरीत अगदी असेच दिसले. खिडकीत अडकलेला एक बारीक केस रिळाच्या पूर्वार्धात वरच्या कोपऱ्यात दिसतो. एरवी अशा केसाचा राग येतो. मला तो उपयोगी पडला, कारण तो सीमारेषेबरोबरच हलत होता आणि त्यामुळे सीमारेषेचे माझे मोजमाप बरोबर आहे याची खात्री पटली. मुंजीच्या खोलीत वरच्या कडेला उजळ भिंत असल्याने ही रेषा स्पष्ट मिळाली. अंधाऱ्या माजघरातल्या चार दृश्यांत वरची कडच काळी आहे, तिथे ती मिळत नाही. तिथे मी भोकाच्या जुळणीवरच थांबलो.

दोन्ही मोजमापे आधी बेरजेने एकत्र केली आणि प्रत्येक चौकट एकदाच सरकवली. पिक्सेलच्या अपूर्णांकाने चित्र सरकवताना दर वेळी ते किंचित मऊ होते. दोनदा सरकवले की फिल्मचा दाणा पिठासारखा होतो, हे आधीच्या एका प्रयत्नात पाहिले होते.

काकांच्या हाताचे काय करायचे, यावर मी बराच काळ घुटमळलो. एफएफएमपेगमधली `vidstabdetect` आणि `vidstabtransform` ही चित्र स्थिर करणारी जोडी लावून, गुळगुळीतपणा अगदी कमी ठेवून काही दृश्ये करून पाहिली. त्यांत अंतरपाट दूर होतो त्या क्षणी कॅमेरा डावीकडे जोरात झुकतो आणि सावरतो. तो झोल मी पूर्ण काढून टाकला आणि आईला दाखवला. ती म्हणाली, "तिथे तुझ्या आत्यानं अक्षता टाकताना त्यांना कोपर मारलं होतं. मग आरडाओरडा झाला होता. ते कुठं गेलं?" ते दृश्य मी पूर्ववत केले आणि शेवटी हाताची थरथर फक्त दोन लांब दृश्यांत, तीही अर्धीच, कमी केली. यंत्रांची थरथर काढावी आणि माणसाची ठेवावी, असे माझे मत त्या दिवशी बनले. ते सगळ्यांना पटेल असे नाही.

आता भिंत एकाच जागी थांबली होती, म्हणून लुकलुकीकडे परतलो. प्रत्येक दृश्यात भिंतीचा असा तुकडा निवडला की ज्यावरून कुणी जात नाही. त्याचा चौकटीतला उजेड आणि आजूबाजूच्या नऊ चौकटींतली सरासरी यांवरून दुरुस्ती काढली. इथे एक बारकावा आहे. स्कॅनरच्या दिव्याची चूक साध्या भागाकाराने जाते, तशी कॅमेऱ्यातली जात नाही. कॅमेऱ्यात प्रकाश कमी-जास्त पडला की फिल्मवर मधल्या छटा सर्वाधिक बदलतात. गडद काळे आणि लख्ख पांढरे, फिल्मच्या मर्यादेला टेकल्यामुळे, जवळजवळ जागेवर राहतात. नुसता गुणाकार केला तर सोवळ्याच्या घड्या जळून जातात आणि काळी टोपी राखाडी लुकलुकू लागते. म्हणून मी घात वापरला, ज्यात शून्य आणि एक जागचे हलत नाहीत. उदाहरणार्थ, नेहमीच्या पाहण्याच्या पातळीत भिंत ०.४२ असेल आणि सरासरी ०.४६ असेल, तर दोन्हींच्या लॉगॅरिदमचा भागाकार, म्हणजे सुमारे ०.८९५, हा त्या चौकटीचा घात. यानंतर भिंतीचा आलेख सपाट झाला. जे उरले ते कॅमेऱ्याच्या स्वयंचलित डोळ्याचे सावकाश उघडणे-मिटणे होते, आणि त्याला मी हात लावला नाही. एका दृश्यात ट्यूबच्या अगदी खाली बसलेल्या मंडळींवर लुकलुक अजून जाणवते, कारण त्यांच्यावर ट्यूबचा उजेड जास्त आणि दारातून येणाऱ्या उन्हाचा कमी आहे. एका आकड्याने साऱ्या चौकटीची दुरुस्ती करणाऱ्या माझ्या पद्धतीला ते जमण्यासारखे नव्हते.

रंगाचे काम मी सर्वांत सोपे समजत होतो. कोडाक्रोमची रिळे अंधारात राहिल्यामुळे आजही ठसठशीत आहेत. सिंहगडावरचे निळे आकाश पाहून आई क्षणभर गप्प झाली होती. एक्टाक्रोममधला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर मात्र उडत गेला आहे. तो थर तांबडा प्रकाश अडवण्याचे काम करतो. तो क्षीण झाल्यामुळे जिथे काळे असायला हवे तिथून तांबडा प्रकाश गळतो. म्हणूनच या रिळात सावल्या तांबड्या आहेत, पण पांढरी धोतरे फारशी बिघडलेली नाहीत. व्हाइट बॅलन्सने हा दोष का जात नाही, हे यावरून कळते. सगळीकडचा तांबडा सारख्या प्रमाणात कमी केला तर धोतरे निळसर होतात आणि सावल्या तांबड्याच राहतात.

मग प्रत्येक रंगाची काळी आणि पांढरी मर्यादा वेगळी ओढून पाहिली. काळे काळे झाले, पांढरे पांढरे झाले, पण मधले चेहरे उन्हात रापल्यासारखे तांबूसच राहिले. रंगद्रव्य उडते ते त्याच्या घनतेच्या प्रमाणात, म्हणजे जिथे जाड तिथे जास्त आणि जिथे विरळ तिथे कमी. तेव्हा दुरुस्तीही घनतेला गुणून करायला हवी होती, आणि लिनियर प्रकाशाच्या भाषेत घनतेला गुणणे म्हणजे प्रकाशाचा घात घेणे. किती घात घ्यायचा हे सांगायला पुन्हा फिल्मची कडच उपयोगी पडली. भोकांच्या मधली काळी पट्टी ही उलट-प्रक्रियेच्या, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट पाहण्याजोगे चित्र देणाऱ्या, फिल्ममध्ये तिन्ही रंगद्रव्यांची सर्वांत जाड जागा असते आणि ती मुळात काळी होती. रिळाच्या शेवटचे, उजेड लागून पूर्ण पारदर्शक झालेले टोक ही सर्वांत विरळ जागा. टोकातून जाणारा प्रकाश शंभर टक्के धरला, तर पट्टीतून तांबडा ६.३ टक्के, निळा १.६ टक्के आणि हिरवा ०.८ टक्के जात होता. घनतेत, म्हणजे या प्रमाणांचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम काढून त्याचे ऋण चिन्ह टाकले की, हे आकडे १.२, १.८ आणि २.१ होतात. हिरव्याची घनता जवळजवळ शाबूत आहे असे मानून बाकीच्या दोन्ही तिच्या बरोबरीला आणायच्या, म्हणजे तांबड्याचा घात १.७५ आणि निळ्याचा १.१७:

```python
T = np.power(img / clear, [1.17, 1.0, 1.75])
```

इथे `clear` म्हणजे पारदर्शक टोकाची तिन्ही रंगांची मूल्ये. ओपनसीव्हीमध्ये रंगांचा क्रम निळा, हिरवा, तांबडा असा उलटा असतो. ते विसरून मी पहिल्यांदा घात उलटे लावले आणि बटूसकट सगळे पाहुणे शेंदूर फासल्यासारखे झाले. पट्टीचे मोजमाप भोकापासून दूर, दोन भोकांच्या बरोबर मध्ये घ्यावे लागते, कारण भोकाचा उजेड भिंगात पसरून जवळची पट्टी उजळवतो. शिवाय रिळाच्या बाहेरच्या वेढ्यांत रंग आतल्यापेक्षा जास्त उडालेला होता. म्हणून दर दोनशे चौकटींनी पट्टी नव्याने मोजून घात हळूहळू बदलत नेला. आतल्या टोकाला तो १.५५ पर्यंत उतरला.

या एका ओळीने चेहऱ्यांना कातडीचा रंग परत आला. त्याची किंमतही मोजावी लागली. घात १.७५ म्हणजे तांबड्या भागातला दाणाही तितक्याच पटीने ठळक झाला आणि सावल्यांत तांबडे रवाळ कण दिसू लागले. म्हणून दाणा मऊ करणारी गाळणी फक्त तांबड्या रंगाला, तीही हलकीच लावली. हिरव्याला हात लावला नाही, कारण चित्राचा रेखीवपणा मुख्यत्वे त्याच्यावर असतो. हेच काम आठ बिटांच्या जुन्या फाइलवर करून पाहिले तेव्हा भिंतीवर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे उमटले होते.

यानंतरही माजघराच्या दृश्यांत हिरवट-निळी झाक राहिली. ती फिकेपणाची नव्हे, चित्रणाच्या वेळचीच आहे. ही फिल्म पिवळ्या बल्बसाठी बनवलेली होती आणि काकांनी कॅमेऱ्यातला फिल्टर बाजूला सारून ती ट्यूबलाइटखाली वापरली. १९७८ मध्ये प्रोजेक्टरवर पाहणाऱ्यांनीही ती झाक पाहिलीच असणार. तिला मी अर्धीच कमी केली.

आईच्या अंगावरच्या शालूपाशी मात्र मी अडलो. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो मोरपंखी होता. माझ्या चित्रात तो आधी राखाडी आणि दुरुस्तीनंतर मळकट हिरवा दिसला. ट्रंकेतून शालू काढून त्याची आतली, उजेड न लागलेली घडी उलगडली तेव्हा तिचे म्हणणे खरे ठरले. मोरपंखी रंगात नेमका तोच निळसर-हिरवा थर मुख्य असतो, जो सर्वांत जास्त उडाला आहे. शिवाय प्रत्येक रंगद्रव्य आपल्या वाट्याचा प्रकाश अडवताना शेजारच्या रंगाचाही थोडा अडवते, त्यामुळे तीन रंग स्वतंत्रपणे दुरुस्त करून हिशोब पुरता जुळत नाही. तांबड्यातून हिरव्याचा थोडा अंश वजा करून शालू मोरपंखीच्या जवळ नेता आला, पण तेवढ्याने शेजारी बसलेल्या आजीचे कुंकू केशरी झाले. फक्त शालूभोवती आखणी करून तेवढाच रंगवता आला असता. ते मी केले नाही. आईला घडी आणि पडदा दोन्ही शेजारी दाखवले. तिने चष्मा लावून दोन्ही पाहिले आणि "कुंकू राहू दे," म्हणाली.

तयार फाइल सेकंदाला १८ चौकटींचीच ठेवली आहे. २५ चौकटींसाठी मधल्या चौकटी बनवून घातल्या की माणसे तरंगत चालल्यासारखी दिसतात. पाहण्याच्या प्रतीत कडा कापल्या आहेत. मूळ ६७ जीबी, भोकांसकट आणि काळ्या पट्टीसकट, दोन वेगळ्या डिस्कवर आहेत. त्यांतली एक काकूंकडे न्यू जर्सीला जाईल.